नवव्या ठोक्याला तार कोणाच्या हातात?

आज माझ्यासमोर एक छोटा बोर्ड आहे. त्यावर आठ पायांची एलएम७५ ही तापमान मोजणारी चिप बसवलेली आहे आणि तिच्यातून दोन तारा निघून अर्डुइनो उनोच्या ए४ आणि ए५ या पिनांना जोडल्या आहेत. पहिली तार डेटाची, म्हणजे एसडीए. दुसरी क्लॉकची, म्हणजे एससीएल. फिलिप्स कंपनीने १९८० च्या दशकात मांडलेल्या या पद्धतीला आय-टू-सी म्हणतात. तिची एक गोष्ट नीट उमगली, की बाकीचे आपोआप सुटत जाते: तार वर कोणीही ढकलत नाही. प्रत्येक चिप तार फक्त जमिनीला, म्हणजे शून्य व्होल्टला, ओढू शकते किंवा सोडून देऊ शकते; सोडलेली तार वर नेण्याचे काम ४.७ किलोओहमच्या पुल-अप रेझिस्टरचे असते.

नियम असा, की क्लॉक वर असताना डेटाची तार हलता कामा नये. बिट बदलायचा तो क्लॉक खाली असताना. मास्टर, म्हणजे क्लॉक चालवणारा, इथे अर्डुइनो, हा नियम फक्त दोन वेळा मुद्दाम मोडतो. क्लॉक वर असताना डेटा खाली आला, तर ती सुरुवातीची खूण, म्हणजे स्टार्ट. क्लॉक वर असतानाच डेटा वर गेला, तर तो शेवट, म्हणजे स्टॉप. एरवी घडूच नये अशा गोष्टीचीच खूण केल्यामुळे ती कोणत्याही डेटाशी गल्लत करत नाही.

स्टार्टनंतर मास्टर आठ बिट पाठवतो. एलएम७५ च्या ए०, ए१, ए२ या तिन्ही पिना जमिनीला जोडल्या असतील, तर तिचा सात बिटांचा पत्ता 0x48 होतो. त्यामागे लिहिण्यासाठी शून्य किंवा वाचण्यासाठी एक हा बिट जोडला, की तारेवर प्रत्यक्षात 0x90 किंवा 0x91 दिसते. यानंतरच्या नवव्या ठोक्याला मास्टर डेटाची तार सोडून देतो. तिथे चिप असेल आणि पत्ता तिचाच असेल, तर ती तार खाली ओढून पोच देते. कोणीच नसेल, तर रेझिस्टर तार वर नेतो आणि मास्टरला नकार वाचायला मिळतो. नकार देण्यासाठी कोणी हजर असावे लागत नाही, हा या रचनेचा मला सर्वांत आवडणारा भाग आहे.

```
Wire.beginTransmission(0x48);
Wire.write(0x00);
byte e = Wire.endTransmission(false);
if (e == 0 && Wire.requestFrom(0x48, 2) == 2) {
  int16_t t = Wire.read() << 8;
  t |= Wire.read();
  float c = t / 256.0;
}
```

यातले `false` महत्त्वाचे आहे. तापमानाचे रजिस्टर 0x00 निवडल्यावर स्टॉप न देता पुन्हा स्टार्ट दिला जातो, म्हणजे मध्ये दुसऱ्या मास्टरला या तारांचा ताबा घेता येत नाही. `e` मध्ये 2 आले, तर पत्त्यालाच पोच मिळालेली नाही. माझ्या पाहण्यात याचे नेहमीचे कारण म्हणजे कोडमध्ये 0x48 ऐवजी 0x90 लिहिलेले असणे. लायब्ररी वाचन-लेखनाचा बिट स्वतः जोडते, हे आपण विसरतो. हा तपास गाळून पुढे गेलो आणि पोच मिळालीच नाही, तर वाचायला काहीच नसल्यामुळे `Wire.read()` उणे एक देते, म्हणजे सगळे बिट एक; मग 0xFFFF चे उणे ०.००४ अंशाच्या आसपासचे तापमान निघते आणि चिप बर्फात ठेवली आहे की काय, असे वाटते.

आता समजा, चिपने 0x19 आणि 0x80 हे दोन बाइट दिले. पहिला म्हणजे २५ पूर्ण अंश. दुसऱ्याचा सर्वांत वरचा बिट म्हणजे अर्धा अंश. उत्तर २५.५ अंश सेल्सिअस. वाचताना भूमिका उलटतात, बाइट चिप देते आणि पोच मास्टर देतो. पहिल्या बाइटनंतर तो तार खाली ओढतो, दुसऱ्यानंतर मात्र मुद्दाम सोडतो. तसे केले नाही, तर चिप पुढचा बाइट पाठवू लागते आणि त्याचा पहिला बिट शून्य निघाला, तर तार तिच्याच हातात अडकून मास्टरला स्टॉप देता येत नाही.

हाच अडथळा एका जोडणीत मी दिवसभर शोधत बसलो होतो. रीसेटचे बटण दाबले, की कधी कधी वाचन कायमचे बंद पडे आणि वीज काढून परत दिली, की सुरू होई. लॉजिक अ‍ॅनालायझरवर क्लॉक वर आणि डेटा सतत खाली दिसला. रीसेट मायक्रोकंट्रोलरला झाला होता, चिपला नव्हे. 0x19 म्हणजे 00011001. यातला एखादा शून्य तारेवर धरून ती पुढच्या ठोक्याची वाट पाहत उभी होती. उपाय म्हणून `Wire.begin()` च्या आधी डेटाची तार तपासायची. ती खाली अडकली असेल, तर तिला हात न लावता क्लॉकला नऊ ठोके द्यायचे. त्या नऊंत कुठेतरी पोचेची जागा येते, तिथे चिपला नकार वाचायला मिळतो आणि ती तार सोडते. मग एक स्टॉप देऊन नेहमीचे काम सुरू करायचे.