‘चांगला’ या शेऱ्याविरुद्धचा अर्ज
(केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, केंद्र सरकारच्या नोकरीत वार्षिक अहवालातला ‘चांगला’ हा शेरा वाईट असतो. घरी सांगितलं तर आई पेढे वाटेल, पण सातव्या वेतन आयोगानंतर एमएसीपीसाठी, म्हणजे बढती नसली तरी ठरावीक वर्षांनी मिळणाऱ्या पगारवाढीसाठी, ‘अतिशय चांगला’ ही अट झाली आणि ‘चांगला’वाल्याची पगारवाढ अडू लागली.

पूर्वी हा शेरा आपल्याला दिसतही नसे. सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवेतले देव दत्त यांना 1993-94 सालात असाच ‘चांगला’ मिळाला. बढतीला ‘अतिशय चांगला’ लागत होता आणि शेरा त्यांना कळवलाच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये सांगितलं की शेरा बरा असो वा वाईट, कळवलाच पाहिजे. पुढच्याच वर्षी, मे 2009 मध्ये, कार्मिक विभागाचं परिपत्रक आलं. एपीएआर, म्हणजे हा वार्षिक कामगिरी अहवाल, संपूर्ण दाखवायचा आणि कर्मचाऱ्याला अभिवेदनासाठी, म्हणजे त्यावर आपलं म्हणणं मांडायला, 15 दिवस द्यायचे.

त्या परिपत्रकातलं एक वाक्य मात्र आपण वाचतच नाही. अभिवेदन अहवालातल्या ठोस, वस्तुस्थितीविषयक निरीक्षणांपुरतं असावं, असं त्यात म्हटलंय. म्हणजे साहेबांचा स्वभाव, गटबाजी, गेल्या दिवाळीतलं भांडण, हे सगळं खरं असलं तरी या अर्जात त्याचा उपयोग नाही.

एका बाईंचं प्रकरण तपशील बदलून सांगतो. त्यांचा पहिला मसुदा चार पानांचा होता आणि सुरुवात होती, ‘माझ्यावर घोर अन्याय झाला असून साहेबांचा माझ्यावर पूर्वीपासून आकस आहे.’ मी म्हटलं, ताई, हे बाजूला ठेवा, आधी गुण दाखवा.

त्यांच्या अहवालात कामाच्या निष्पत्तीला 4.8, वैयक्तिक गुणांना 5.6 आणि कार्यक्षमतेला 5.8 होते. पहिल्याचं वजन 40 टक्के, उरलेल्या दोहोंचं 30-30. बेरीज झाली 5.34. ‘अतिशय चांगला’ 6 पासून सुरू होतो. आता गंमत बघा. बाकीचे दोन आकडे हातही न लावता तसेच ठेवले, तरी निष्पत्तीचे 6.45 झाले की एकूण 6 होतात. म्हणजे लढाई सगळ्या अहवालाशी नव्हती, एका रकान्याशी होती. ‘स्वभाव मिळूनमिसळून नाही’ या शेऱ्यावर बाईंना फार काही लिहायचं होतं. मी लिहू दिलं नाही.

निष्पत्तीच्या रकान्यात शेरा होता, ‘कामे वेळेत पूर्ण करत नाहीत.’ कोणती कामं, किती उशीर, काही नाही. आम्ही आवक-जावक रजिस्टर काढलं. वर्षभरात त्यांच्या टेबलावर 310 प्रकरणं आली, 282 निघाली. उरलेल्या 28 पैकी 19 ऑगस्ट-सप्टेंबरमधली होती, आणि त्या दोन महिन्यांत रजेवरच्या सहकाऱ्याच्या टेबलाचा अतिरिक्त कार्यभार त्यांच्याकडे होता. त्याचा कार्यालयीन आदेश होता. वर्षभरात विलंबाबद्दल एकही मेमो नव्हता. आधीच्या दोन वर्षांचे गुण 7.2 आणि 7.4 होते.

एक धोक्याची जागा सांगतो. उरलेल्या 9 प्रकरणांत 3 खरोखरच बाईंच्या हातून राहिली होती. त्यांना ती लपवायची होती. मी म्हटलं, लिहा. निर्णय देणारा अधिकारी प्रतिवेदन अधिकाऱ्याचं, म्हणजे अहवाल लिहिणाऱ्या साहेबांचं, म्हणणं मागवू शकतो, आणि ती 3 प्रकरणं तिकडून आली की तुमच्या 282 वरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

अर्जाचा गाभा शेवटी इतकाच राहिला:

‘प्रतिवेदन अधिकाऱ्यांविषयी पूर्ण आदर राखून नम्रपणे निवेदन करते की, भाग तीनमधील “कामे वेळेत पूर्ण करत नाहीत” हे निरीक्षण सोबत जोडलेल्या आवक-जावक रजिस्टरच्या उताऱ्याशी जुळत नाही. 310 पैकी 282 प्रकरणे वर्षअखेर निकाली निघाली. प्रलंबित 28 पैकी 19 प्रकरणे अतिरिक्त कार्यभाराच्या काळातील आहेत (आदेशाची प्रत सोबत). 3 प्रकरणांतील विलंब माझ्याकडून झाला, हे मी मान्य करते. विलंबाबाबत वर्षभरात मला लेखी सूचना मिळालेली नाही. तरी निष्पत्तीच्या गुणांचा फेरविचार व्हावा, ही विनंती.’

दीड पान आणि जोडपत्रं. ‘आदर राखून’ हे नुसतं शिष्टाचारासाठी नाही. तोच अर्ज उद्या त्याच साहेबांच्या टेबलावर अभिप्रायासाठी जातो. चिडलेला माणूस अभिप्रायही चिडून लिहितो.

अर्ज तेराव्या दिवशी दिला आणि पोच तारखेसह घेतली. मिळाल्यापासून 30 दिवसांत निर्णय अपेक्षित असतो, आणि तो अर्धन्यायिक पद्धतीने, समोरच्या कागदांवरून द्यायचा असतो. म्हणून कागद आपणच समोर ठेवायचे. नुसतं ‘विचार केला, बदल नाही’ असं उत्तर आलं, तर कारण न देणं हाच पुढच्या दादेचा मुद्दा होतो.

खासगी कंपनीत हे परिपत्रक चालत नाही. तिथे कंपनीचं धोरण काय म्हणतं ते पाहावं लागतं.

बाईंना निष्पत्तीचे 7 मिळाले. एकूण 6.22. ‘स्वभाव मिळूनमिसळून नाही’ हे वाक्य अजून तिथेच आहे, आणि त्यावर त्या अजूनही माझ्यावर थोड्या नाराज आहेत.