चिमणीची धुळीतली अंघोळ

नमस्कार श्रोतेहो.

उन्हाळ्यातली दुपार आहे. अंगणाच्या कडेला जास्वंदीखाली माती कोरडी, पिठासारखी झाली आहे. चार-पाच चिमण्या तिथे उतरतात. त्यातली एक पायांनी माती उकरते, चोचीने दोन-तीनदा चाचपून पाहते आणि मग त्या जागी पोट टेकून बसते. अंग फुगवते. पिसं अशी उभी राहतात की चिमणी चेंडूएवढी दिसायला लागते. मग पंख झपाझप हलतात, खालची धूळ उडून पाठीवर पडते, उभ्या पिसांतून आत शिरते. ती एका कुशीवर कलते, डोकं मातीत घासते, पुन्हा दुसऱ्या कुशीवर. दुसरी चिमणी त्याच खळग्यात घुसू पाहते, तेव्हा पहिली चोच उघडून तिच्यावर धावते. शेवटी उठून उभी राहते, सगळं अंग जोरात झटकते, एक छोटा धुळीचा ढग निघतो, आणि ती फांदीवर जाऊन एकेक पीस चोचीतून ओढत बसते.

आपण म्हणतो, चिमणी धुळीत खेळतेय. आमच्याकडे असंही म्हणतात की चिमण्या धुळीत लोळल्या म्हणजे पाऊस जवळ आला. मी पशुवैद्यक आहे, खेड्यापाड्यांत बरीच वर्षं काम केलंय, आणि चिमण्यांना पौष महिन्यातही धुळीत लोळताना पाहिलंय. ढगाचा ठिपका नसताना. त्यांना लागते ती कोरडी, भुसभुशीत माती. ती वैशाख-ज्येष्ठात जागोजागी असते, त्यानंतर पाऊस येतोच, म्हणून दोन्हींची सांगड आपल्या मनात बसली असावी.

मग ही अंघोळ कशासाठी? हे समजायला आधी पिसाकडे पाहायला हवं. कोंबडीचं एखादं पीस हातात घ्या. मधला दांडा, त्याच्या दोन्ही बाजूंना तंतू. त्या प्रत्येक तंतूला आणखी बारीक तंतू असतात आणि त्यांना डोळ्यांना न दिसणारे आकडे. हे आकडे एकमेकांत अडकतात म्हणून पिसाचं पातं सलग राहतं. तुम्ही पीस बोटाने उलटं विस्कटलंत आणि पुन्हा सरळ चिमटीतून ओढलंत, तर ते परत जुळतं. पक्षी चोचीने दिवसभर करत असतो ते हेच.

या पिसांना तेल लागतं. पक्ष्याच्या शेपटीच्या मुळाशी, वरच्या बाजूला, एक छोटी ग्रंथी असते. ज्यांनी घरी कोंबडी सोलली आहे त्यांनी तो उंचवटा पाहिलेला असतो. पक्षी चोच तिथे दाबतो, तेल घेतो आणि पिसांवर फिरवतो. त्यामुळे पिसं लवचिक राहतात आणि पाणी चटकन आत शिरत नाही. पण नवीन तेल चढत जातं, जुनं मुरतं, त्यात त्वचेचा कोंडा मिसळतो, आणि थर चिकट होतो. याचा खरा त्रास होतो तो आतल्या मऊ पिसांना, कारण ती एकमेकांना चिकटली की त्यांच्यात अडकलेली हवा कमी होते. ती हवाच पक्ष्याचं पांघरूण असते. कोरडी बारीक माती हे जादा तेल शोषून घेते आणि अंग झटकताना स्वतःबरोबर घेऊन जाते. आपल्याकडे तेलकट भांडं राखेने घासायचे, तेच तत्त्व.

हे नुसतं तर्काने सांगत नाही. चिमणीला पिंजऱ्यात ठेवून अशी गोष्ट तपासणं अवघड, पण लाव्यांवर आणि कोंबड्यांवर प्रयोग झाले आहेत. काही दिवस धूळ मिळू दिली नाही तर पिसांवरचं तेल वाढतं, धूळ दिली की पुन्हा उतरतं. माती कशी आहे यानेही फरक पडतो. लाकडाच्या भुश्यात कोंबड्या लोळतात खऱ्या, पण भुश्याचे तुकडे मोठे असतात, ते आतल्या मऊ पिसांपर्यंत पोचत नाहीत. बारीक वाळू पोचते.

आता मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारी गोष्ट सांगतो. तेल काढणं हा या अंघोळीचा उपयोग आहे हे पटलं, तर वाटेल की अंगावर तेल साचलं की पक्ष्याला लोळावंसं वाटत असेल. पण शास्त्रज्ञांनी तेलग्रंथी काढून टाकलेल्या कोंबड्या पाहिल्या, त्याही लोळत होत्या. जन्मतःच पिसं नसलेल्या एका जातीची पिल्लं पाहिली, तीही मातीत बसून पंखांची तीच झपझप करत होती. म्हणजे ही ओढ आतून, ठरावीक काळाने उठते. कोंबडी साधारण दोन दिवसांतून एकदा, बहुतेक दुपारच्या सुमाराला, अर्ध्या तासाच्या आसपास लोळते. ऊन, उजेड आणि समोर दिसणारी भुसभुशीत माती यांनी ती ओढ जागी होते. कोंबडीला आई नसली तरी हे शिकवावं लागत नाही, यंत्रात उबवलेलं पिल्लूही पहिल्या काही दिवसांतच लोळू लागतं.

ही ओढ किती खोल आहे ते पिंजऱ्यात कळतं. तारेच्या जाळीवर ठेवलेली कोंबडी, जिथे मातीचा कणही नाही, तिथे जाळीवरच बसते, अंग फुगवते, पंख हलवते आणि नसलेली धूळ अंगावर घेत राहते. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे आणि पाहायला फार जड जातं. अशा कोंबडीला बरेच दिवसांनी माती दिली तर ती जास्त वेळ आणि जास्त जोराने लोळते, जणू राहिलेलं सगळं भरून काढते. युरोपीय संघात १ जानेवारी २०१२ पासून असे रिकामे तारेचे पिंजरे बंद झाले, आणि सुधारित पिंजऱ्यातही चोच मारायला आणि उकरायला काहीतरी द्यावंच लागतं.

धुळीचा दुसरा उपयोग किडीसाठी. पक्ष्यांच्या पिसांत उवा असतात. त्या माणसाच्या उवांसारख्या रक्तावर जगतात असं नाही, बऱ्याचशा पिसं आणि कातडीचा कोंडा कुरतडून राहतात. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी भागात एका आजींनी मला बोलावलं होतं. बारा-चौदा गावरान कोंबड्या. श्रावण संपत आला होता.

"डाक्टर, कोंबड्या झुरत्यात. अंडी पार कमी झाल्यात. देवीचा रोग तर न्हाई ना?"

"आजी, एक कोंबडी धरून द्या मला."

मी तिला उलटी धरून शेपटीखालची पिसं फुंकरीने बाजूला केली. पिवळसर, चपट्या उवा सरसर पळाल्या. पिसांच्या मुळाशी पांढऱ्या लिखांचे गुच्छ डिंकाने चिकटवल्यासारखे बसले होते. कातडी लाल झाली होती. देवीचा रोग नव्हता, उवाच होत्या. मग मी विचारलं, "या लोळतात कुठे?"

आजींनी गोठ्यामागचा खड्डा दाखवला. चुलीची राख त्या तिथे टाकत, उन्हाळाभर कोंबड्या त्यात लोळत. पण पत्र्याची एक पन्हळ निसटली होती आणि पावसाचं पाणी सरळ त्या खड्ड्यात पडत होतं. राखेचा नुसता चिखल. दोन महिने कोंबड्यांना कोरडी जागाच मिळाली नव्हती.

पन्हळ बसवली. खड्डा उपसून आत कोरडी चाळलेली माती, थोडी बारीक वाळू आणि थोडीच राख घातली. राख थोडीच, कारण ती भिजली की कातडीला चरचरते. चुना अजिबात नको, आणि मुंग्या मारायची पावडर तर चुकूनही नाही, ती कोंबडीच्या नाकातोंडात जाते. उवा जास्त झाल्या होत्या म्हणून सुरुवातीला औषधही दिलं. ते पुन्हा आठ-दहा दिवसांनी द्यावं लागलं, कारण लिखांवर औषधाचा भरवसा नाही आणि त्या चार ते सात दिवसांत फुटतात. धुळीचंही तसंच. चिकटलेली लीख धुळीने सुटत नाही, पण सुटी फिरणारी ऊ कोरड्या बारीक भुकटीत टिकत नाही. तिच्या अंगावर पाणी धरून ठेवणारा मेणासारखा पातळ थर असतो. भुकटी तो खरवडते, शोषते, आणि ऊ सुकून मरते. म्हणून एकदा लोळून भागत नाही, सारखं लोळावं लागतं.

कॅलिफोर्नियात २०१२ च्या सुमाराला याचं मोजमाप झालं. कोंबड्यांना वाळूत केओलिन ही पांढरी चिनीमाती, डायटम या सूक्ष्म शेवाळांच्या कवचांची माती किंवा गंधक मिसळून पेट्या ठेवल्या. ज्या कोंबड्या पेटीत लोळल्या त्यांच्यावरच्या उवा आणि पिसांतले कोळीकिडे एका आठवड्यात ८० ते १०० टक्के घटले. गंधकाने मात्र पुढच्या काही आठवड्यांत पेटीत न गेलेल्या कोंबड्यांवरचीही कीड जवळजवळ संपली. आणि काही किडींवर धूळ चालतच नाही. लाल कोळीकिडा दिवसा खुराड्याच्या फटीत दडतो आणि रात्री कोंबडीवर चढतो. तो कोंबडीच्या अंगावर नसतोच, मग धूळ त्याला कशी लागणार? रात्री बॅटरी घेऊन खुराड्याच्या बांबूंच्या सांध्यांत पाहावं, तिथे तांबडे ठिपके हलताना दिसले की समजावं, औषध खुराड्याला करायचं आहे.

महिन्याभराने मी आजींकडे पुन्हा गेलो. उवा विरळ झाल्या होत्या, अंडी पुन्हा येऊ लागली होती. दुपारी कोंबड्या खड्ड्यातून उठून सावलीला गेल्या, आणि त्यांची जागा रिकामी होताच वळचणीच्या चिमण्या उतरल्या. त्याच मातीत खळगे करून बसल्या.

"यास्नी हाकलू का? यांच्यामुळं तर न्हाई ना आल्या उवा?"

प्रश्न अगदी बरोबर होता. उवा बहुतेक आपापल्या जातीच्या पक्ष्यावरच टिकतात, चिमणीची ऊ कोंबडीवर फार जगत नाही. पण पिसांतला कोळीकिडा मात्र चिमणीकडून कोंबडीकडे येऊ शकतो. मी आजींना म्हटलं, हाकलू नका, त्यांना वेगळी जागा करून द्या. आजींनी एक फुटकं घमेलं शोधून काढलं. त्यात चार बोटं उंच चाळलेली माती भरली आणि भिंतीलगत, उन्हात, पण कुंपणापासून चांगलं पाच-सहा हात लांब ठेवलं, म्हणजे मांजर झुडपाआडून झेप घेऊ शकणार नाही.

पुढच्या वेळी गेलो तेव्हा आजींनी मला आधी घमेल्याकडेच नेलं. मातीत वाटीएवढे तीन खळगे पडले होते, काठावर धूळ चारही बाजूंना उडालेली, आणि एका खळग्यात करड्या रंगाचं एक बारीकसं पीस.