किती वर्षांचा नफा आगाऊ मोजताय?

नमस्कार श्रोतेहो. दादरला झेरॉक्सचं चालतं दुकान विकायला आहे, असं समजा. जागा भाड्याची, यंत्रं आणि बसलेलं गिऱ्हाईक धरून मालक 12 लाख मागतो. सगळा खर्च वजा जाता वर्षाला 3 लाख सुटतात. तुम्ही उभ्या उभ्या हिशेब कराल, की 4 वर्षांची कमाई आज हातात द्यायची.

शेअरचं पीई गुणोत्तर म्हणजे हाच हिशेब. शेअरच्या भावाला एका शेअरमागच्या वर्षाच्या नफ्यानं भागायचं. भाव 600 रुपये आणि नफा 20 रुपये असेल तर पीई 30, म्हणजे तुम्ही 30 वर्षांचा नफा मोजताय. अर्थात, नफा आहे तेवढाच राहिला तर. तो दरवर्षी 15 टक्क्यांनी वाढत गेला, तर 600 रुपयांची भरपाई साधारण 12 वर्षांतच होते. तीही कंपनीच्या वहीत बरं का. तुमच्या खात्यात फक्त लाभांश येतो.

आता खरी गोम. भागाकारात धरलेला नफा मागच्या चार तिमाह्यांचा असतो, आणि तो कुठून आला हे गुणोत्तर सांगत नाही. एक काल्पनिक कंपनी घेऊ: जुनी कापड गिरणी, लोअर परळला थोडी जमीन शिल्लक. शेअर 1 कोटी, भाव 600. कापडधंद्यातून वर्षाचा नफा 20 कोटी. त्याच वर्षी जमीन विकून, कर भरून आणखी 30 कोटी मिळाले. एकूण 50 कोटी, म्हणजे शेअरमागे 50 रुपये. मोबाईलच्या पडद्यावर पीई दिसतो 12. स्वस्त वाटतो! पण ती जमीन पुढच्या वर्षी पुन्हा विकता येणार नाही. धंद्यापुरता नफा 20 रुपयेच, तेव्हा तुम्ही मोजताय 30 वर्षं. जमिनीचे पैसे कंपनीकडे शिल्लक असतील तर शेअरमागचे ते 30 रुपये भावातून वजा करा. तरी साडेअठ्ठावीस उरतात.

हे ओळखायचं कसं? मुंबई शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर कंपनीचे तिमाही निकाल असतात. त्यात ‘अपवादात्मक बाबी’ अशी वेगळी ओळ असते, तिथे मोठा आकडा दिसला की थांबा. ती ओळ बहुधा कर वजा करण्याआधीची असते, म्हणून आकडा जसाच्या तसा वजा करू नका, त्यावरचा कर आधी काढा. काही वेळा अशी कमाई ‘इतर उत्पन्न’ या ओळीतही बसवलेली असते. तीही मागच्या वर्षाशी ताडून पाहा.

हे तपासलं नाही तर काय होतं? जमीनविक्रीची तिमाही वर्षभरानं हिशेबातून गळते. त्या दिवशी भाव 600 वरच असतो, धंदा तोच असतो, आणि पडद्यावरचा पीई मात्र 12 वरून 30 झालेला असतो.