हॉलिडे क्लबच्या टेबलावरचा हिशेब

(ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, बँकेतून निवृत्त झालो आणि आम्ही दोघं गोव्याला गेलो. कळंगुटच्या किनाऱ्यावर एका मुलाने हातात स्क्रॅच कार्ड दिलं. खरवडलं तर तीन दिवसांचा मोफत मुक्काम निघाला. अट एकच होती, बक्षीस घ्यायला नवरा-बायको दोघांनी यायचं. ही अट कशासाठी, ते सभासदत्व विकणाऱ्या हॉलिडे क्लबच्या टेबलावर बसल्यावर कळलं. एकटा माणूस ‘घरी विचारून सांगतो’ म्हणून उठू शकतो. दोघं समोर असली की तो रस्ता बंद होतो.

समोरच्या मुलाने कोऱ्या कागदावर आकडे मांडले. सभासदत्व चार लाख वीस हजारांचं, पंचवीस वर्षांसाठी, दरवर्षी सात रात्री. म्हणजे एकूण १७५ रात्री, एका रात्रीला २,४०० रुपये. शेजारी त्याने आजचा हॉटेलचा दर लिहिला, आठ हजार. कागदाकडे बघून हिला पटलं, मलाही जवळजवळ पटलंच होतं.

त्या कागदावर दोन गोष्टी नव्हत्या. एक म्हणजे वार्षिक देखभाल शुल्क. ते मी विचारल्यावर कळलं, करासह १७,५०० रुपये. सात रात्रींनी भागलं की रात्रीला अडीच हजार. दुसरी गोष्ट म्हणजे आपल्या पैशाचं व्याज. चार लाख वीस हजार मुदत ठेवीत सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला २९,४०० रुपये येतात, म्हणजे रात्रीला ४,२०० रुपये. दोन्ही मिळून एक रात्र ६,७०० रुपयांना पडते, जेवण वेगळं. शिवाय ठेव केली असती तर मुद्दल बँकेत शाबूत राहिलं असतं, इथे पंचवीस वर्षांनी हातात काही उरत नाही.

आणि हा हिशेब सातही रात्री वापरल्या तरच. एखाद्या वर्षी चारच रात्री जाणं झालं आणि उरलेल्या पुढे नेता आल्या नाहीत, तर एक रात्र ११,७२५ रुपयांना पडते. आपल्या वयात गुडघ्याचं ऑपरेशन निघतं, नातवाची परीक्षा असते. देखभाल शुल्क मात्र चुकत नाही. ते वाढतंही. वर्षाला सहा टक्के वाढ धरली तर पंचविसाव्या वर्षी ते सत्तर हजारांच्या पुढे जातं. म्हणून वाढीला करारात कमाल मर्यादा आहे का, हे मी सगळ्यात आधी विचारतो.

नंतर हंगाम. या योजनांत बहुधा हंगामांना रंग दिलेले असतात. दिवाळी, नाताळ आणि मे महिना सगळ्यात महागड्या रंगात. स्वस्त रंग घेतला तर शाळेच्या सुट्टीत खोली मिळत नाही, आणि महाग रंगातसुद्धा ‘उपलब्धतेनुसार’ हा शब्द असतो. तोंडी ‘मिळेलच काका’ म्हटलेलं टिकत नाही, कारण करारात बहुतेकदा तोंडी आश्वासनं बंधनकारक नाहीत असं कलम असतं. मी त्या मुलाला म्हणालो, ‘कोरा करार घरी द्या, वाचून कळवतो.’ तो म्हणाला, ‘सही केल्यावरच मिळतो.’ माझा निर्णय तिथेच झाला.

आता नाही कसं म्हणायचं. कारण सांगू नका. ‘पैसे नाहीत’ म्हटलं की हप्ते पुढे येतात, ‘वेळ नाही’ म्हटलं की मुलांना सभासदत्व वापरता येतं असं सांगतात. मग मॅनेजर येतो, किंमत साठ हजारांनी उतरते आणि फक्त आजच. मी एकच वाक्य तिन्ही वेळा म्हटलं, ‘आम्ही घेणार नाही. तुम्ही नीट समजावलंत, आभार.’ आवाज चढवला नाही. तो मुलगा कोणाचा तरी लेक आहे आणि कमिशनवर जगतो. म्हणूनच लवकर सांगावं, त्याला पुढचं गिऱ्हाईक बघता येतं. क्रेडिट कार्ड, पॅन किंवा आधार व्हाउचरसाठीसुद्धा देऊ नये, आणि नवरा-बायकोने आत जाण्याआधीच ठरवावं की आज कुठेही सही करायची नाही.

युरोपीय संघात २००८च्या निर्देशाने टाइमशेअरचा, म्हणजे दरवर्षी ठराविक रात्री देणाऱ्या अशा सभासदत्वाचा, करार ग्राहकाला चौदा दिवसांत मागे घेता येतो आणि त्या काळात पैसे घ्यायला बंदी आहे. आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा वेगळा कायदा नाही, त्यामुळे मुदत असली तर ती करारातच शोधावी लागते. आमच्या इमारतीतल्या एका ताईंनी लोणावळ्याला सही केली आणि रात्री घरी करार वाचला. दहा दिवसांची मुदत सापडली. त्यांनी दुसऱ्याच दिवशी ईमेल केला, रजिस्टर्ड पोस्टाने पत्र पाठवलं आणि पोचपावती जपून ठेवली. क्लबने दोन महिने टोलवाटोलवी केली. मग त्यांनी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करायची तयारी केली. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तो आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येतो, क्लबच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. अर्ज दाखल व्हायच्या आतच त्यांचे पैसे खात्यात आले.