आत आलाय म्हणजे आपलाच, हे समीकरण क्लाउडमध्ये का मोडतं

झिरो ट्रस्टची व्याख्या वगैरे थोडी नंतर घेऊया. आधी २०१९ चं कॅपिटल वन बँकेचं प्रकरण नीट समजून घेऊ, कारण ते एकदा डोक्यात बसलं की जुनं मॉडेल नेमकं कुठे तुटतं हे आपोआप दिसतं, आणि पुढचं सगळं सोपं जातं.

तर ही अमेरिकेतली बँक आणि तिचा डेटा अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर, म्हणजे एडब्ल्यूएसवर. समोर एक वेब अ‍ॅप्लिकेशन फायरवॉल होतं, तेही एका क्लाउड मशीनवरच चालत होतं आणि त्याचं कॉन्फिगरेशन चुकलेलं होतं. त्यामुळे बाहेरचा माणूस त्याला सांगू शकत होता की बाबा तू माझ्या वतीने या पत्त्यावर एक रिक्वेस्ट मार आणि जे उत्तर येईल ते मला दे. या प्रकाराला एसएसआरएफ म्हणतात. आणि तो पत्ता कोणता, तर `169.254.169.254`. एडब्ल्यूएसच्या प्रत्येक मशीनला आतून हा पत्ता दिसतो, तिथे मेटाडेटा सर्व्हिस असते, आणि त्या मशीनला जो आयएएम रोल, म्हणजे काय काय करायची परवानगी आहे ते ठरवणारी ओळख, दिलाय त्याच्या तात्पुरत्या किल्ल्या तिथे मिळतात. म्हणजे अ‍ॅक्सेस की, सिक्रेट आणि टोकन.

आता बघा, हा पत्ता फक्त मशीनच्या आतूनच दिसतो म्हणून तेव्हा मेटाडेटा सर्व्हिस काहीच विचारत नव्हती. साधी गेट रिक्वेस्ट आली की किल्ली हातात. ज्याने विचारलं तो मशीनमधूनच विचारतोय म्हणजे आपलाच, असं गृहीत. अख्ख्या ऑफिस नेटवर्कभोवती आपण जी पेरिमीटरची, म्हणजे बाहेर कुंपण आणि आत सगळे आपलेच, कल्पना उभी केली होती तीच इथे एका मशीनपुरती लहान करून बसवलेली होती आणि ती तशीच फुटली, कारण विचारणारं फायरवॉल आतलंच होतं पण विचारायला लावणारा बाहेरचा होता.

किल्ली मिळाल्यावर पुढे काय झालं ते कोर्टात दाखल झालेल्या तक्रारीत आहे. एका कमांडने किल्ली घेतली, दुसरीने त्या रोलला दिसणाऱ्या बकेट्सची, म्हणजे एस३ या एडब्ल्यूएसच्या साठवण सेवेतल्या डेटाच्या कप्प्यांची, यादी काढली, तिसरीने डेटा स्वतःकडे सिंक केला, बस. तो रोल फायरवॉलचा, त्याला ग्राहकांच्या अर्जांच्या बकेट्स वाचायची गरजच काय होती? पण परवानगी होती. डेटा एन्क्रिप्टेड असूनही उपयोग झाला नाही, कारण त्या परवानगीने वाचताना तो उलगडूनच मिळत होता. मार्चमध्ये घुसखोरी झाली, जुलैमध्ये बाहेरच्या कुणीतरी ईमेल करून कळवलं तेव्हा बँकेला कळलं. अमेरिकेतल्या साधारण १० कोटी आणि कॅनडातल्या ६० लाख लोकांची माहिती गेली होती, आणि २०२० मध्ये बँकेला ८ कोटी डॉलर दंड झाला.

यात अजून एक गोष्ट आहे आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्या किल्ल्या टॉर हे ओळख लपवणारं नेटवर्क आणि एका व्हीपीएन सेवेमागून, म्हणजे बँकेच्या नेटवर्कच्या पूर्ण बाहेरून वापरल्या गेल्या आणि तरी चालल्या. कारण एस३ ची एपीआय इंटरनेटवरच असते, सही बरोबर असली की दार उघडतं. म्हणजे मशीनच्या आत आंधळा विश्वास आणि डेटाच्या समोर कुंपणच नाही. ऑफिसच्या सर्व्हर रूममध्ये निदान चोराला नेटवर्कमध्ये टिकून राहावं लागायचं, इथे एकदा किल्ली घेतली की तो घरी बसून काम करतो. पेरिमीटरची सवय घेऊन क्लाउडवर गेलेल्या टीम्सना हे लक्षातच येत नाही, त्यांना वाटतं आपलं सगळं प्रायव्हेट सबनेटमध्ये, म्हणजे इंटरनेटवरून थेट न दिसणाऱ्या भागात, आहे म्हणजे झालं.

आता झिरो ट्रस्ट. हा शब्द फॉरेस्टर या संशोधन कंपनीच्या जॉन किंडरवॅग यांनी २०१० मध्ये रूढ केला, आणि अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०२० मध्ये एसपी ८००-२०७ या दस्तऐवजात तो नीट मांडला. गाभा एवढाच की नेटवर्कवरची जागा हा विश्वासाचा पुरावा धरायचा नाही. प्रत्येक वेळी कोण मागतंय, कुठल्या मशीनवरून, नेमकं काय, आणि आत्ता द्यावं का, हे तपासायचं आणि द्यायचं ते कमीत कमी.

हे कॅपिटल वनच्या केसला लावून बघू. पहिली गोष्ट मेटाडेटा सर्व्हिस. नोव्हेंबर २०१९ मध्ये एडब्ल्यूएसने आयएमडीएस व्हर्जन २ आणलं. त्यात आधी पुट रिक्वेस्ट करून टोकन घ्यावं लागतं आणि मग ते टोकन हेडरमध्ये घालून किल्ली मागावी लागते. एसएसआरएफवाला सहसा साधी गेट मारू शकतो, पुट आणि स्वतःचे हेडर लावणं त्याला बहुतेक वेळा जमत नाही. पण जुनं व्हर्जन बंद केलं नाही तर दोन्ही चालू राहतात आणि सगळी मेहनत वाया, म्हणून हे करावं लागतं:

```
aws ec2 modify-instance-metadata-options \
  --instance-id $INSTANCE_ID \
  --http-tokens required \
  --http-endpoint enabled
```

हे लगेच सगळीकडे मारू नका. जुन्या एसडीके अजून व्हर्जन १ वापरत असतील तर अ‍ॅप बंद पडेल. क्लाउडवॉच या एडब्ल्यूएसच्या देखरेख सेवेत `MetadataNoToken` नावाचं मेट्रिक आहे, टोकनशिवाय किती कॉल होतायत ते तिथे दिसतं. ते शून्यावर येऊन काही दिवस शून्यच राहिलं की मग सक्ती करा. आणि कंटेनर असतील तर हॉप लिमिट, म्हणजे उत्तर किती टप्पे पुढे जाऊ शकतं ते, बघा, ते १ असेल तर कंटेनरपर्यंत उत्तर पोचत नाही आणि लोक तासन् तास भलतीकडेच शोधत बसतात.

दुसरी गोष्ट रोलचा आकार, आणि खरं काम इथेच आहे. व्हर्जन २ लावलं तरी मशीनवर कोड चालवता आला की किल्ली मिळतेच. मग त्या किल्लीने काय उघडतं यावर सगळं ठरतं. फायरवॉलच्या रोलला स्वतःचे लॉग लिहिता आले पाहिजेत, एवढंच. हे काम कंटाळवाणं आहे, प्रत्येक रोलने गेल्या काही महिन्यांत खरंच काय वापरलं ते बघायचं आणि बाकीचं काढायचं. कुठलंही प्रॉडक्ट विकत घेऊन हे काम टळत नाही, विक्रेता काहीही म्हणो.

तिसरी, किल्ली कुठून वापरली जातेय ते तपासणं. बकेट पॉलिसीत `aws:SourceVpc` ची अट घातली की आपल्या व्हीपीसीबाहेरून, म्हणजे एडब्ल्यूएसमधल्या आपल्या खासगी नेटवर्कबाहेरून, आलेली रिक्वेस्ट नाकारली जाते, किल्ली खरी असली तरी. तुम्ही म्हणाल हे तर पुन्हा नेटवर्कच झालं, तर हो, नेटवर्क फेकून द्यायला कुणी सांगितलंच नाहीये, ते ओळखीच्या जोडीला एक संकेत म्हणून वापरायचं, फक्त त्याच्या एकट्याच्या जिवावर दार उघडायचं नाही. यात एक खोच आहे, ही अट फक्त व्हीपीसी एंडपॉइंटमधून जाणाऱ्या ट्रॅफिकलाच कळते. एंडपॉइंट न बसवता ती डिनायमध्ये टाकली तर तुमचंच अ‍ॅप बाहेर राहतं, आणि ब्राउझरमधल्या कन्सोलवरून तुम्हालाही ती बकेट उघडता येत नाही.

आणि हे घडलं तर कळणार कसं? क्लाउडट्रेल या एडब्ल्यूएसच्या नोंदवहीत बकेट्सची यादी मागितल्याची नोंद येते, पण एकेक फाइल वाचल्याची नोंद डिफॉल्टने येत नाही, डेटा इव्हेंट्स वेगळे चालू करावे लागतात आणि त्याचे पैसे लागतात. निदान संवेदनशील बकेट्सना तरी चालू करा. मशीनच्या रोलची किल्ली बाहेरच्या आयपीवरून वापरलेली दिसली की गार्डड्यूटी हे एडब्ल्यूएसचं पहारा ठेवणारं टूल अलर्ट देतं, तो अलर्ट कधीच दुर्लक्षित करू नका.

आता घरून काम करणाऱ्यांकडे येऊ, कारण चूक तीच आहे. २०२१ मध्ये कलोनियल पाइपलाइन ही अमेरिकेतली इंधन वाहून नेणारी कंपनी. वापरात नसलेलं पण बंद न केलेलं एक जुनं व्हीपीएन खातं, ओळख पटवणारा दुसरा घटक नाही, फक्त पासवर्ड. तेवढ्यावर रॅन्समवेअरवाले आत शिरले, ७ मे ला कंपनीने पाइपलाइन थांबवली, ती पाच-सहा दिवस बंद राहिली, आणि साधारण ४४ लाख डॉलर खंडणी दिली गेली. व्हीपीएनचा दोष असा की तो माणसाला नेटवर्कवर आणून सोडतो. त्याला हवी असते पगाराची एक सिस्टिम पण त्याच्या लॅपटॉपला दिसतात शेकडो मशीन, आणि त्याच लॅपटॉपवर मालवेअर असेल तर मालवेअरलाही तेवढीच दिसतात.

झिरो ट्रस्टमध्ये तो नेटवर्कवर येतच नाही. प्रत्येक अ‍ॅपच्या पुढे एक प्रॉक्सी असतो, तो ओळख तपासतो, लॅपटॉप कंपनीचा आहे का, डिस्क एन्क्रिप्टेड आहे का, पॅच झालाय का हे बघतो आणि तेवढ्या एका अ‍ॅपलाच जाऊ देतो. गूगलने २००९ च्या हल्ल्यानंतर बियाँडकॉर्प नावाने हेच उभं केलं, ऑफिसात बसलेल्यालाही घरच्यासारखंच वागवायचं. सुरुवात करताना नियम आधी फक्त नोंद घेण्याच्या मोडमध्ये ठेवा, कुणाला काय नाकारलं गेलं असतं ते दोन-तीन आठवडे बघा, नाहीतर महिनाअखेरीला अकाउंट्सवाले अडकतात आणि दबावाखाली कुणीतरी सगळ्यांना सूट देऊन टाकतं, आणि ती सूट नंतर कुणी काढत नाही.

हे केलं तरी भोकं राहतात. २०२२ मध्ये उबरच्या एका काँट्रॅक्टरला हल्लेखोराने लॉगिन मंजुरीच्या नोटिफिकेशन्स इतक्या वेळा पाठवल्या की शेवटी त्याने एक मंजूर केली, आणि पुढे आतल्या एका शेअर्ड फोल्डरमधल्या स्क्रिप्टमध्ये अ‍ॅडमिनचा पासवर्ड लिहिलेला सापडला. नुसतं हो दाबायला लावणारा दुसरा घटक म्हणूनच पुरत नाही, फिडो२ ची हार्डवेअर की किंवा पासकी वापरा, ती खोट्या साइटवर चालतच नाही. पण लॉगिन झाल्यानंतरची सेशन कुकी कुणी ब्राउझरमधून उचलली तर ही कीसुद्धा काही करू शकत नाही. तिथे सेशन छोटं ठेवणं आणि ते डिव्हाइसला बांधणं एवढाच उपाय.

म्हणून कामावर परत गेल्यावर एक चाचणी करा. एक टेस्ट खातं घ्या, सगळ्या अ‍ॅप्समध्ये लॉगिन करून ठेवा आणि मग ओळख देणाऱ्या सिस्टिममध्ये ते बंद करा. घड्याळ लावून बघा प्रत्येक अ‍ॅप त्याला किती वेळाने बाहेर काढतं. काही लगेच काढतील, टोकनवर चालणारी बरीचशी तासभर चालूच राहतील, आणि एखादं असं निघेल की जे दुसऱ्या दिवशीही उघडं असेल. क्लाउडच्या रोलसाठीही तसंच, आयएएममध्ये रोलची चालू सेशन्स रद्द करायचं बटण आहे, ते त्या क्षणाआधी दिलेल्या किल्ल्यांना डिनाय लावतं. टेस्ट रोलवर ते दाबून बघा आणि मग अ‍ॅप नवीन किल्ली घेऊन स्वतःहून उभं राहतं का ते तपासा.