हजाराचा हप्ता आणि घसरणीची वेळ

नमस्कार श्रोतेहो. महिना हजार रुपयांची एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरलेला हप्ता, सुरू करायला पॅन, आधार आणि बँक खातं पुरतं. एकदा केवायसी झाली की हप्ता आपोआप वळता करायची मंजुरी बँकेला द्यायची. पगार एक तारखेला होत असेल तर हप्ता सात तारखेला लावा. खातं रिकामं सापडलं तर फंड काही म्हणत नाही, पण बँक दंड कापते. निफ्टी ५० म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांच्या शेअर्सचा निर्देशांक. नवख्या माणसाला त्याचीच नक्कल करणारा इंडेक्स फंड पुरे. मध्यस्थाशिवाय थेट घ्यायचा डायरेक्ट प्लॅन, आणि नफा फंडातच ठेवणारा ग्रोथ पर्याय.

आता जोखमीचं बघू. समजा, पहिल्या महिन्यात एका युनिटचा, म्हणजे फंडातल्या एका हिश्शाचा, भाव १०० रुपये होता. हजारात दहा युनिटं आली. पुढच्या महिन्यात भाव ८० झाला, साडेबारा आली. तिसऱ्या महिन्यात ५०, वीस आली. या घडीला तुम्ही ३००० भरलेत आणि मोबाइलवर लाल अक्षरांत २१२५ दिसतायत. बहुतेक जण इथेच हप्ता बंद करतात. पण चौथ्या महिन्यात भाव नुसता ८० वर आला, तरी पंचावन्न युनिटांचे ४४०० होतात, आणि भरलेले असतात ४०००. भाव अजून शंभराला पोचलेलासुद्धा नाही.

फंड विकणारे एवढंच सांगून थांबतात. पुढचं मी सांगतो.

हाच हप्ता बारा-पंधरा वर्षं चालला आणि खात्यात तीन लाख जमले असं धरा. २०२० च्या जानेवारीतल्या उंचीवरून २३ मार्चपर्यंत निफ्टी साधारण ३८ टक्के घसरला होता. तसं पुन्हा झालं तर तीन लाखांतले एक लाख चौदा हजार जातील, आणि त्या महिन्याचा हजाराचा हप्ता ते खड्डे बुजवू शकणार नाही. म्हणजे सुरुवातीची घसरण फारशी बोचत नाही, उलट स्वस्तात युनिटं देते. शेवटची घसरण खरी महागात पडते.

आणि बाजार सावरायला किती वेळ घेईल याचा भरवसा नसतो. २०२० ची घसरण त्याच वर्षी भरून निघाली. २००८ च्या जानेवारीतली उंची मात्र निफ्टीने २०१० मध्ये जेमतेम गाठली, तो पुन्हा घसरला, आणि ती उंची ओलांडून टिकायला २०१४ उजाडलं.

फंडाच्या कागदावर काटा असलेलं जोखीममापक असतं. इंडेक्स फंडाचा काटा 'अतिशय जास्त' वर असतो. तो फंडाचे हेलकावे सांगतो, तुमच्या लेकीची फी कधी भरायची ते त्याला ठाऊक नसतं. ती तारीख तुम्ही वहीत लिहा. फी २०३५ च्या जूनमध्ये असेल, तर २०३२ पासूनच दर सहा महिन्यांनी थोडी थोडी युनिटं विकून पैसे मुदत ठेवीत टाकायला लागा, बाजार वर असो की खाली.