ओटीपी आलाच नाही

(वाचनालयाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष आणि मित्रहो, विषय ठरला तेव्हा मी संयोजकांना सांगितलं होतं की यूट्यूब चॅनेलला दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डच्या जोडीला ओटीपीसारखी दुसरी खूण, कशी लावायची ते पायरीपायरीने दाखवीन. ते दाखवणारच आहे. पण आधी मावशीच्या चॅनेलची गोष्ट ऐका, कारण तिच्या चॅनेलला दुहेरी पडताळणी लावलेली होती आणि तरीही चॅनेल गेलं. इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांची समजूत अशी असेल की ओटीपी लागतो म्हणजे आपण सुरक्षित. ही समजूत मोडल्याशिवाय पुढचं सगळं वाया जाईल.

मावशी सांगलीला असते. घरगुती स्वयंपाकाचं चॅनेल, ४८ हजार सदस्य, कॅमेरा आणि एडिटिंग तिच्या मुलाकडे. चॅनेलच्या पत्त्यावर एक मेल आलं: व्हिडिओ एडिट करायचं नवं सॉफ्टवेअर आहे, एक मिनिटाची जाहिरात करा, एवढे पैसे देऊ. मेलमध्ये तिच्या उकडीच्या मोदकांच्या व्हिडिओचा नावानिशी उल्लेख होता. मुलाने दर विचारला, त्यांनी थोडी घासाघीस केली आणि मान्य केला. तीन-चार दिवस असा सभ्य पत्रव्यवहार चालला. लोकांना वाटतं फसवणुकीचं मेल म्हणजे लॉटरी लागली, मोडकी भाषा, लगेच क्लिक करा. हे तसलं नव्हतं. घासाघीस करणाऱ्या माणसावर आपला विश्वास बसतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

चौथ्या दिवशी करार आला. एक झिप फाइल, आणि ती उघडायचा पासवर्ड मेलमध्येच लिहिलेला. मुलाला तो गोपनीयतेचा भाग वाटला. खरं कारण वेगळं आहे: कुलूप लावलेल्या झिपच्या आत मेलसेवेला डोकावता येत नाही, त्यामुळे तपासणी बाहेरच अडते. झिप होती चार-पाच एमबीची, उघडल्यावर आतली ‘पीडीएफ’ निघाली सातशे एमबीची. दोन पानांचा करार, सातशे एमबी! पोकळ शून्यं भरून फाइल फुगवलेली असते, कारण व्हायरस तपासणाऱ्या अनेक साधनांना आकाराची मर्यादा असते आणि त्यापलीकडची फाइल ती तपासतच नाहीत. शून्यं दाबली की चिमूटभर होतात, म्हणून झिप लहान. एवढी एक गोष्ट लक्षात राहिली तरी आजचं येणं सार्थकी लागलं.

आता त्या फाइलचं नाव बघा. पडद्यावर दिसत होतं `Contract.pdf`. खरं नाव होतं `Contract.pdf.scr`. विंडोज ओळखीच्या फायलींचं शेपूट मुळातच लपवून ठेवतं, म्हणून शेवटचं `.scr` दिसलं नाही. ते शेपूट स्क्रीनसेव्हरचं असतं, आणि स्क्रीनसेव्हर म्हणजे चालणारा प्रोग्रामच. चिन्ह मात्र पीडीएफचं लाल. मुलाने दोनदा क्लिक केलं, काहीच उघडलं नाही. त्याने उत्तर लिहिलं, ‘फाइल खराब आहे, पुन्हा पाठवा.’ समोरून पुन्हा काहीच आलं नाही. त्यांचं काम झालं होतं.

रात्री अडीचच्या सुमाराला न्यू जर्सीहून मावशीच्या मैत्रिणीचा फोन आला. तिकडे संध्याकाळ होती. ‘अगं, तुझ्या चॅनेलवर हे काय चाललंय?’ चॅनेलचं नाव बदललेलं, मावशीचा फोटो जाऊन तिथे एका मोठ्या परदेशी कंपनीचं चिन्ह, सगळे व्हिडिओ गायब, आणि थेट प्रक्षेपणात कोणीतरी सांगतोय की या क्यूआर कोडवर क्रिप्टो पाठवा, दुप्पट परत मिळेल. मावशीने आधी फोन बघितला. एकही ओटीपी आलेला नव्हता. ती मला म्हणाली, ‘अरे, कोडच आला नाही, मग आत आले कसे?’

तो प्रश्न अगदी बरोबर होता, आणि त्याचं उत्तर म्हणजे आजचा माझा मुद्दा. जत्रेत मोठ्या तंबूच्या दारावर तिकीट तपासतात आणि मग मनगटावर शिक्का मारतात. त्यानंतर तुम्ही भजी खायला बाहेर गेलात आणि परत आलात तर तिकीट कोणी मागत नाही, फक्त मनगट बघतात. तुमचा पासवर्ड आणि ओटीपी हे तिकीट. ते एकदा दाखवलं की ब्राउझरला कुकी मिळते, तो शिक्का. म्हणून तर रोज सकाळी यूट्यूब उघडताना ओटीपी लागत नाही. मावशीच्या संगणकावर चाललेल्या त्या प्रोग्रामने ब्राउझरमधला शिक्का जसाच्या तसा उचलला आणि चोराच्या संगणकावर उमटवला. दारावरच्या रखवालदाराच्या दृष्टीने ती मावशीच होती. ओटीपी मागायचा प्रसंगच आला नाही.

हे फक्त सांगलीत घडतं असं समजू नका. गूगलच्या सुरक्षा पथकाने ऑक्टोबर २०२१मध्ये यावर सविस्तर लिहिलं होतं: २०१९च्या अखेरीपासून यूट्यूबवाल्यांना अशीच जाहिरातीची मेलं जात होती, आणि चोरलेली चॅनेलं सदस्यसंख्येप्रमाणे ३ डॉलरपासून ४००० डॉलरपर्यंत विकली जात होती. मार्च २०२३मध्ये लायनस टेक टिप्स हे कॅनडाचं दीड कोटीहून अधिक सदस्यांचं चॅनेल असंच गेलं. तंत्रज्ञानावरच बोलणारी मंडळी, पण कर्मचाऱ्याने जाहिरातीच्या करारासारखी दिसणारी फाइल उघडली आणि शिक्का गेला. तेव्हा मावशीच्या मुलाला बोल लावणाऱ्यांनी जरा थांबावं. घरात त्या पोराला आठवडाभर सगळ्यांनी फाडून खाल्लं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही. ज्याच्या अंगावर ओरडलं जातं तो पुढच्या वेळी काही घडलं तर सांगतच नाही, आणि या कामात पहिला तासच सगळ्यात मोलाचा असतो.

आमचा पहिला तास कसा गेला ते सांगतो, कारण तिथे आम्ही स्वतःच मोठी चूक केली. रात्री तीनला मुलाने त्याच संगणकावरून पासवर्ड बदलला. पासवर्ड बदलला की जवळजवळ सगळीकडचे शिक्के पुसले जातात, त्यामुळे प्रक्षेपण बंद पडलं. मावशीने चहा टाकला. अर्ध्या तासात प्रक्षेपण पुन्हा सुरू! तो प्रोग्राम संगणकात जागाच होता. आम्ही टाइप केलेला नवा पासवर्ड आणि नवा शिक्का त्याने पुन्हा उचलले. या खेपेला त्यांनी पासवर्ड बदलला, खात्याला जोडलेला फोन नंबरही बदलला, आणि आम्ही पूर्ण बाहेर. असले बरेच प्रोग्राम चोरी करून स्वतःला पुसूनही टाकतात, म्हणून ‘स्कॅन केलं, काही सापडलं नाही’ यावर विसंबू नका. ज्या संगणकावर फाइल उघडली त्याचं इंटरनेट आधी तोडायचं. पुढचं सगळं दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून करायचं. तो संगणक नंतर पुसून विंडोज नव्याने टाकायचं.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. बरं, परत कसं मिळवलं ते आता भराभर सांगतो.

`g.co/recover` हा गूगलचा खातं परत मिळवायचा पत्ता. चोराने नंबर बदलला तरी जुन्या नंबरवर किंवा जुन्या पर्यायी मेलवर सात दिवसांपर्यंत कोड मागवता येतो. म्हणून रडत बसायला वेळ नाही. मी पुण्याहून माझ्या फोनवर प्रयत्न केला, तो फेटाळला गेला. मावशीने घरच्या वायफायवर, जिच्यावर ती रोज यूट्यूब बघते त्या टॅबवरून केला, तो चालला. ओळखीचं यंत्र आणि ओळखीची जागा यांना तिथे वजन असतं. तुमच्यासाठी पैसे घेऊन चॅनेल परत आणून देतो म्हणणारे त्याच दिवशी उगवतात, त्यांच्या वाऱ्यालाही उभं राहू नका.

आत गेल्यावर बहुतेक जण नाव आणि फोटो दुरुस्त करायला धावतात. त्याआधी जोडलेली सगळी यंत्रं साइन आउट करा, म्हणजे उरलेले शिक्के पुसले जातील. पर्यायी नंबर आणि मेल आपलेच आहेत ना बघा. चॅनेल सांभाळायचं यूट्यूबचं पान म्हणजे स्टुडिओ, त्याच्या सेटिंग्जमध्ये `Permissions` उघडा. मावशीकडे तिथे एक अनोळखी मॅनेजर बसवून ठेवला होता, म्हणजे मागचं दार. जीमेलचे फिल्टर बघा. तिथे एक नियम सापडला: गूगलकडून आलेलं प्रत्येक मेल सरळ कचऱ्यात. धोक्याची सूचना देणारी तीन मेलं तिथे पडून होती, पण ती मावशीला दिसणारच नव्हती. त्यानंतरच चॅनेलचं नाव आणि फोटो. व्हिडिओ बहुतेक खासगी करून ठेवलेले होते, ते पुन्हा उघडले. प्रक्षेपणामुळे चॅनेलवर लागलेला स्ट्राइक, म्हणजे नियमभंगाचा ठपका, आणि पुसलेले थोडे व्हिडिओ यांसाठी यूट्यूबच्या मदत विभागाला लिहावं लागलं. एक्सवर `@TeamYouTube` हे त्यांचं अधिकृत खातं, तिथे दाद लागते. पोलीस तक्रारीसाठी `cybercrime.gov.in`, आणि कोणाचे पैसे गेले असतील तर १९३० या नंबरवर फोन.

आता कबूल केलेली दुहेरी पडताळणी. पाच मिनिटं. नोव्हेंबर २०२१पासून कमाई करणाऱ्या यूट्यूबवाल्यांना ती सक्तीचीच आहे, प्रश्न कोणती लावायची हा. एसएमएसचा कोड सगळ्यात कच्चा: तुमच्या नावाने दुसरं सिम काढून तो पळवता येतो. ऑथेंटिकेटर ॲपचा कोड त्याहून बरा, पण खोट्या लॉगिन पानावर तुम्ही तोही टाइप कराल, आणि तीस सेकंद जिवंत असलेला कोड चोर तेवढ्यात खऱ्या पानावर टाकतो. बोटाच्या ठशाने किंवा फोनच्या कुलुपाने उघडणारी पासकी किंवा यूएसबीची सुरक्षा किल्ली इथे वेगळी पडते, कारण ती पानाचा खरा पत्ता बघून उत्तर देते. पत्त्यात एक अक्षर बदललेलं असलं तरी ती गप्प राहते. तुमचे डोळे फसतील, ती फसत नाही. किल्ली घ्यायचीच तर दोन घ्या, एक हरवतेच.

पण शिक्का चोरणाऱ्यापुढे यातलं काहीच पुरत नाही, हे मघाशीच बघितलं. त्याला उपाय एकच, आणि तो फुकट आहे: ज्या यंत्रावर अनोळखी लोकांच्या फायली उघडता त्या यंत्रावर चॅनेलचं मालक खातं उघडं ठेवायचंच नाही. आता मावशीचं मालक खातं फक्त तिच्या टॅबवर आहे. मुलाला त्याच्या स्वतःच्या खात्यावर एडिटरचा अधिकार दिलाय. तो व्हिडिओ चढवू शकतो, पण माणसं नेमू किंवा काढू शकत नाही आणि चॅनेलही पुसू शकत नाही. जाहिरातीच्या मेलांसाठी वेगळा पत्ता. आणि विंडोजमध्ये फायलींची शेपटं दिसतील अशी खूण करून ठेवलीय.

हो, हो, आवरतो. समोरच्या ताईंची चिठ्ठी आहे: फोनच हरवला तर? त्यासाठी गूगल आठ आकडी दहा बॅकअप कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो. त्यांचा फोटो काढून फोनमध्येच ठेवू नका. मावशीने ते दिवाळीच्या फराळाच्या प्रमाणांच्या वहीत, चकलीच्या भाजणीच्या पानामागे पेन्सिलने उतरवून ठेवलेत. पहिल्या दोघांवर रेघ मारलेली आहे.